नंबर नसताना इशारा फोनवर पोहोचतो कसा, आणि तो आवरायचा कुठून

प्रश्न: काल आमच्या घरात दोन फोन एकदम भोंग्यासारखे वाजले आणि पडद्यावर इशाऱ्याची चौकट आली. तिसरा फोन गप्पच राहिला. माझा मात्र मिनिटाभराने पुन्हा वाजला. पाठवणाऱ्याचा नंबर कुठेच दिसला नाही. आमचे नंबर त्यांना दिले कोणी? आम्ही कुठे आहोत ते त्यांना कळतं का? आणि हे बंद करायचं असेल तर कुठून?

उत्तर:

नंबर कोणी दिला नाही, कारण कोणी मागितलाच नाही. एसएमएस हे टपाल आहे. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो, आणि तो माणूस सध्या कुठल्या टॉवरखाली आहे हे शोधून त्याला ते पोहोचवावं लागतं. तुमच्या फोनवर आलं ते सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे दवंडी. दवंडी पिटणाऱ्याला कोण घरी आहे आणि कोण शेतावर गेलंय हे ठाऊक नसतं. ज्याच्या कानावर पडेल त्याने ऐकायचं. मी बरीच वर्षं मोबाइल नेटवर्कच्या रेडिओ बाजूला काम केलं आणि त्यातला बराच काळ हीच यंत्रणा टॉवरवर चालू करून तपासण्यात गेला. त्यामुळे तुमच्या तीन फोनचं कोडं मला फार ओळखीचं आहे.

आधी फोनच्या बाजूने बघू. खिशातला फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो. ४जी नेटवर्कवर तो ठरावीक अंतराने, साधारणपणे दर १.२८ सेकंदांनी, क्षणभर जागा होतो आणि टॉवरची हाक आपल्यासाठी आहे का ते बघतो. या हाकेला पेजिंग म्हणतात. एरवी पेजिंगमध्ये फोनची तात्पुरती ओळख असते, म्हणजे ‘अमुक फोन, तुझ्यासाठी कॉल आहे’ अशा धाटणीची हाक. आपत्तीच्या इशाऱ्याच्या वेळी त्या हाकेत कोणाचीच ओळख नसते. फक्त एक खूण वर केलेली असते: इशारा आला आहे, फलक वाचा. वेगवेगळे फोन वेगवेगळ्या क्षणी जागे होतात, म्हणून टॉवर ही खूण पेजिंगच्या सगळ्या वेळांना पुन्हा पुन्हा पाठवतो. त्यामुळे कोणीही झोपेत राहून जात नाही.

आता हा फलक कुठला? प्रत्येक टॉवर आपल्याबद्दलची सार्वजनिक माहिती सतत प्रसारित करत असतो. हे नेटवर्क कोणाचं, शेजारी कुठल्या फ्रिक्वेन्सी आहेत, आत यायचं तर कसं, अशी ती माहिती असते. ती वाचायला फोनला परवानगी लागत नाही, ओळख सांगावी लागत नाही, काही पाठवावंही लागत नाही. या माहितीचे क्रमांक लावलेले भाग असतात आणि त्यांना सिस्टिम इन्फर्मेशन ब्लॉक म्हणतात. ४जीमध्ये १० आणि ११ क्रमांकांचे भाग भूकंप-त्सुनामीसाठी राखलेले आहेत, १२ क्रमांकाचा भाग बाकीच्या इशाऱ्यांसाठी. ५जीमध्ये हेच काम ६, ७ आणि ८ करतात. खूण दिसली की फोन तो भाग वाचतो, तुकडे जुळवतो आणि भोंगा वाजवतो.

या सगळ्यात तुमच्या फोनने एक अक्षरही बाहेर पाठवलेलं नसतं, आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. संदेश किती फोनवर पोहोचला हे टॉवरला कळत नाही, पोचपावती नसते, यादी तयार होत नाही. कॉलसाठी आणि डेटासाठी नेटवर्क तुमच्यावर जेवढं लक्ष एरवी ठेवतं तेवढंच या दिवशीही ठेवतं. इशाऱ्यामुळे त्यात काही भर पडत नाही. नेटवर्कवर ताण का येत नाही, हेही यातून उलगडेल. टॉवरखाली पन्नास फोन असोत की पाच हजार, फलक एकच लिहायचा असतो. एसएमएस मात्र पाच हजार वेळा पाठवावा लागतो, आणि तोही नेमका सगळेच जण घरी फोन लावायला धडपडत असतात त्या वेळी.

मग ‘या भागातल्या लोकांना’ हे कसं ठरतं? इशारा देणारं सरकारी खातं नकाशावर एक आकृती काढतं. ती आकृती आणि मजकूर मोबाइल कंपनीच्या सेल ब्रॉडकास्ट सेंटरकडे जातो. हे सेंटर त्या आकृतीत कुठले सेल बसतात ते काढतं आणि तेवढ्याच टॉवरना हुकूम धाडतं. सेल म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचा पट्टा. दाट वस्तीत तो काही शे मीटरचा असतो, माळरानावर कित्येक किलोमीटरचा. नकाशावरच्या रेघेशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून नदीच्या या काठावर पूर असतो आणि पलीकडच्या टेकडीवर राहणाऱ्याचा फोनही वाजतो. ही चूक नाही. रेडिओ लहरी हद्द पाळत नाहीत, एवढंच. अमेरिकेत २०१९ च्या अखेरीपासून यावर एक उपाय केला गेला. नकाशावरची आकृतीच संदेशासोबत फोनला पाठवायची, आणि फोनने आपल्या जीपीएसवरून मी आत आहे की बाहेर हे स्वतःच तपासायचं. बाहेर असेल तर गप्प बसायचं. तिथला नियम असा की इशारा आकृतीबाहेर ०.१ मैलापेक्षा जास्त सांडू नये. पण इथेही हिशेब फोन आपल्यापाशीच करतो, उत्तर कोणाला कळवत नाही.

तंत्र तसं जुनं आहे. पूर्वी काही देशांत बटणांच्या फोनच्या रिकाम्या पडद्यावर आपण ज्या भागात असू त्या भागाचं नाव आपोआप उमटायचं, आठवत असेल तर. ते सेल ब्रॉडकास्टच होतं, ५० क्रमांकाच्या चॅनेलवरचं. त्याला भोंगा नव्हता, एवढाच फरक.

आता तुमचा फोन दोनदा का वाजला ते बघू. त्यासाठी संदेशाच्या डोक्यावर काय लिहिलेलं असतं ते पाहावं लागेल. टॉवरला जाणारा हुकूम साधारण असा दिसतो:

```
Message Identifier   : 4371  (0x1113)
Serial Number        : 0x42A0
Repetition Period    : 30 s
Number of Broadcasts : 120
```

पहिली ओळ म्हणजे चॅनेल, आणि आवरण्याचा सगळा खेळ त्याच्यावर आहे. त्याकडे नंतर येतो. खालच्या दोन ओळींचा अर्थ दर ३० सेकंदांनी, १२० वेळा, म्हणजे तासभर हा संदेश फलकावर येत राहणार. मुद्दाम. तासाच्या मध्ये कोणी फोन चालू केला, कोणी बोगद्यातून बाहेर आलं, कोणी या भागात शिरलं, तर त्यालाही मिळावा म्हणून. मग तासभर भोंगा का वाजत नाही? कारण दुसरी ओळ. हा अनुक्रमांक फोन लक्षात ठेवतो. त्याच चॅनेलवर तोच अनुक्रमांक पुन्हा दिसला की ‘हे वाचलंय’ म्हणून सोडून देतो. अँड्रॉइडमध्ये ही आठवण मुळात २४ तासांची धरलेली आहे.

`0x` नंतरच्या या चार अक्षरी आकड्यात तीन गोष्टी कोंबलेल्या असतात. यातलं प्रत्येक अक्षर म्हणजे चार बिट, चार शून्य-एक. शेवटचं अक्षर सुधारणेचा क्रमांक. मजकूर बदलला की `0x42A0` चं `0x42A1` होतं आणि फोन पुन्हा वाजतो. वाजायलाच हवा, कारण ‘घरात थांबा’चं ‘घर सोडा’ झालेलं असू शकतं. मधला भाग संदेशाचा स्वतःचा क्रमांक. आणि अगदी पहिले दोन बिट सांगतात की हा संदेश कितपत पसरलेल्या भागात ‘तोच’ मानायचा: फक्त या सेलपुरता, या विभागापुरता, की अख्ख्या नेटवर्कभर.

हे दोन बिट किती त्रास देऊ शकतात ते मी गाडीत बसून अनुभवलं आहे. एका कंपनीच्या नेटवर्कवर चाचणी होती, कंपनीचं नाव नको. आम्ही मोजणीच्या गाडीत, डॅशबोर्डवर चार फोन, मांडीवर लॅपटॉप. ठरल्या वेळी संदेश सुटला, चारही फोन वाजले, आम्ही एकमेकांना टाळी दिली. गाडी निघाली. दोन-तीन मिनिटांत चारही पुन्हा वाजले. मजकूर तोच. पुढच्या चौकात पुन्हा. चालकाने शेवटी वैतागून विचारलं, ‘साहेब, नक्की काय आलंय?’ मी लॉग उघडला. वेळा बघितल्या तर प्रत्येक भोंगा फोनने सेल बदलल्यावरच वाजत होता. मग अनुक्रमांक बघितला:

```
ठरलेला : 0x42A0   ->  01 0000101010 0000
आलेला   : 0xC2A0   ->  11 0000101010 0000
```

एक अक्षर. ४ च्या जागी C. सुरुवातीचे दोन बिट ०१ असते तर अर्थ ‘नेटवर्कभर हा एकच संदेश’. ११ चा अर्थ ‘प्रत्येक सेलचा संदेश वेगळा’. फोन अगदी नियमाने वागत होते. नवा सेल आला, म्हणजे नवा संदेश आला. सेंटरवर संदेशाच्या साच्यात कोणीतरी चुकीचा पर्याय निवडून ठेवला होता. घरात बसलेल्या माणसाला ही चूक कधीच कळली नसती, कारण त्याचा सेल बदलत नाही. प्रवास करणाऱ्यालाच तिचा फटका. गंमत म्हणजे दुरुस्ती करतानाही एक भोंगा वाजलाच. जुना संदेश थांबवून `0x42A0` नव्याने पाठवला, तर फोनच्या दृष्टीने तोही नवाच.

तुमचा फोन मिनिटाभराने पुन्हा वाजला, यामागे हेच असेल असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण घरबसल्या दोनदा वाजण्याची त्याहून साधी कारणं आहेत. फोनमध्ये दोन कंपन्यांची सिम असतील तर दोन्ही नेटवर्कांनी आपापला संदेश पाठवला. दोन वेगळी सेंटरं, दोन वेगळे अनुक्रमांक, त्यामुळे फोनला हे एकच आहे ते उमगलं नाही. काही फोन मजकूर ताडून दुसरा दाबतात, सगळे नाही. दुसरं कारण भाषा. स्थानिक भाषेतला मजकूर बऱ्याचदा वेगळ्या चॅनेलवरून वेगळा संदेश म्हणून येतो. ओळखायला सोपं आहे. अँड्रॉइडच्या इशाऱ्यांच्या यादीत दोन्ही नोंदी उघडून शेजारी ठेवा. मजकूर शब्दशः सारखा आणि सिम दोन, तर पहिलं कारण. भाषा वेगळी, तर दुसरं. मजकूर सारखा, सिम एक, आणि त्या वेळी तुम्ही गाडीत होतात, तर माझ्या गोष्टीतला C आठवा. काही फोन बंद करून चालू केल्यावर आधीची आठवण पुसतात आणि तोच संदेश पुन्हा वाजवतात, हेही एक.

तिसरा फोन गप्प का राहिला याचा शोध घ्यायचा तर आधी तो त्या क्षणी कुठल्या नेटवर्कवर होता ते विचारा. २जीवर सेल ब्रॉडकास्टसाठी एक अरुंद वेगळी वाट असते. तिच्यावर संदेशाचं एक पान जायला १.८८ सेकंद लागतात आणि कॉल चालू असेल तर फोन ती वाट ऐकूच शकत नाही. म्हणजे २जीवर कोणी बोलत असेल तर इशारा कॉल संपल्यानंतरच्या फेरीत मिळणार. ४जी आणि ५जीवर कॉल चालू असतानाही फोन फलक वाचू शकतो. विमान मोड लावून नुसत्या वायफायवर चाललेल्या फोनला काहीच मिळत नाही, मग वायफाय कॉलिंग चालू का असेना. इशारा टॉवरच्या रेडिओवर येतो, इंटरनेटवर नाही. सिम नसलेला फोन हा मधला प्रकार. नियमानुसार तो कुठल्याही टॉवरखाली थांबून इमर्जन्सी कॉल करू शकतो आणि इशाराही घेऊ शकतो. पण व्यवहारात कुठल्या देशाची चॅनेलं ऐकायची हे बरेच फोन सिमवरून ठरवतात. सिम नाही म्हणजे ऐकायचं काय तेच ठरत नाही. जुन्या सुट्या फोनच्या भरवशावर राहू नका. आणि हे सगळं ठीक असेल तर उरतं सर्वांत सामान्य कारण: तो संदेश ज्या चॅनेलवर आला ते चॅनेल त्या फोनवर बंद होतं.

म्हणजे आता चॅनेलं. ४३७० ही सर्वांत वरची पायरी, राष्ट्रीय इशाऱ्याची. ४३७१ आणि ४३७२ अतितीव्र धोक्याची, ४३७३ ते ४३७८ तीव्र धोक्याची, तातडी आणि खात्री यांच्या चढउतारानुसार. ४३७९ हरवलेल्या किंवा पळवलेल्या मुलांच्या शोधाची. ४३८० नियमित चाचणीची. ४३८३ पासून पुढे याच पायऱ्या दुसऱ्या भाषेसाठी पुन्हा येतात. भूकंप-त्सुनामीची वेगळी घराणी ४३५२ पासून सुरू होतात. तिथे पहिल्या झटक्यात मजकूर नसतोच, फक्त प्रकार कळवला जातो, कारण हुकूम सुटल्यापासून ४ सेकंदांत तो फोनवर पोहोचणं अपेक्षित असतं. पाठ करायची गरज नाही. एवढं लक्षात घ्या की सेटिंगमधलं प्रत्येक बटण म्हणजे यातला एखादा गट ऐकायचा की नाही, हे फोनला सांगणं. संदेश टॉवरवरून येतच राहतो. तुम्ही बंद करता ते तुमच्या फोनचं ऐकणं.

अँड्रॉइडवर `Settings` मध्ये `Safety & emergency` आणि त्यात `Wireless emergency alerts`. कंपनीगणिक जागा बदलते. सापडलं नाही तर सेटिंगच्या शोधपट्टीत `emergency alerts` टाका. आत सहसा `Extreme threats`, `Severe threats`, मुलांच्या शोधासाठी `AMBER alerts`, `Test alerts` अशी वेगवेगळी बटणं आणि वर एक `Allow alerts`. आयफोनवर `Settings`, `Notifications`, आणि पान अगदी तळापर्यंत सरकवायचं. इशाऱ्यांची बटणं तिथे आहेत. बटणांच्या जुन्या फोनवर संदेशांच्या मेनूत `Cell broadcast` किंवा `Cell info` असा पर्याय शोधा. तो चालू करून चॅनेलांच्या यादीत 4370 पासूनचे आकडे हाताने भरावे लागू शकतात. घरातल्या वयस्कर माणसाचा फोन कधीच वाजत नसेल तर इथेच बघा.

ही बटणं सगळ्यांच्या फोनवर सारखी नसतात आणि त्यावरून लोक हमखास गोंधळतात. सिमच्या देशाप्रमाणे फोन मेनू बदलतो. एकाच मॉडेलचे दोन फोन, एकात एका देशाचं सिम आणि दुसऱ्यात दुसऱ्याचं, तर बटणं वेगळी, नावं वेगळी, क्वचित पानच गायब. म्हणून परदेशातल्या नातेवाइकाने पाठवलेला स्क्रीनशॉट समोर ठेवून बटण शोधण्यात वेळ घालवू नका.

चाचणीचं बटण मुळात बंद असतं. एका घरात एक वाजतो आणि एक नाही, यात मला सर्वाधिक वेळा सापडलेलं कारण हेच. ज्याने कधीतरी चाळा म्हणून `Test alerts` चालू केलं त्याचा वाजतो. पण काही वेळा सरकार मुद्दामच चाचणी ४३७० वर पाठवतं, कारण सगळ्यांपर्यंत पोहोचतं का हेच तपासायचं असतं. अशी चाचणी बटणाने थांबत नाही. ४३७० ला बहुतेक देशांत बटणच दिलेलं नसतं. `Allow alerts` बंद केलं तरी तो येतो. डू नॉट डिस्टर्ब किंवा सायलेंटही वरच्या पायऱ्यांना अडवतीलच असं नाही. ते देश आणि फोन दोन्हींवर ठरतं, आणि भोंगा नेमका झोपेतल्या माणसाला उठवण्यासाठीच बनवलेला आहे. वाजायला लागला की आवाजाचं बटण दाबा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाज थांबतो आणि चौकट मात्र वाचायला तशीच राहते. घाईत चौकट बंद केली तरी बिघडत नाही, `Emergency alert history` मध्ये मजकूर सापडतो.

माझं मत विचाराल तर चाचणी आणि मुलांच्या शोधाचे इशारे ज्याने त्याने आपल्या झोपेप्रमाणे ठरवावेत. अतितीव्र चालू ठेवावं. तीव्रबद्दल मी आग्रह धरत नाही. काही ठिकाणी ते इतक्या सढळ हाताने वापरतात की माणूस वैतागून सगळंच बंद करतो, आणि तो दोष बटण दाबणाऱ्याचा नाही. इंटरनेटवर अँड्रॉइडचं `com.android.cellbroadcastreceiver` हे पॅकेज कमांड देऊन काढून टाकायचा सल्ला फिरतो. तो मानू नका. त्याने भोंग्याबरोबर इशारे वाचणारा भागच जातो, अतितीव्रसुद्धा, आणि पुढे कधी परत लावायचं राहून जातं ते कळतही नाही.

मजकुराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. इशारा इतका तुटक का असतो अशी तक्रार येते. रोमन लिपीत एका पानावर ९३ अक्षरं बसतात आणि कमाल १५ पानं. देवनागरीत एका पानावर ४० च्या आसपासच, कारण प्रत्येक अक्षराला दुप्पटीहून जास्त जागा लागते, शिवाय काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. ‘धोक्याच्या’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा, फोनला दहा. मधल्या मोकळ्या जागा धरून एका पानात असे जेमतेम तीन शब्द. पानं वाढली की २जीवर वेळही वाढतो. म्हणून जाणकार मजकूर लिहिणारा आधी काय करायचं ते लिहितो आणि विशेषणं गाळतो.

आता खोट्या इशाऱ्याचं. चूक माणसाकडून होते तशी १३ जानेवारी २०१८ ला हवाईमध्ये झाली. क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा सगळ्यांच्या फोनवर गेला आणि तो चुकीचा असल्याचं त्याच मार्गाने कळवायला ३८ मिनिटं लागली. मुद्दाम केलेली फसवणूक वेगळी. टॉवरचा हा सार्वजनिक फलक फोनला कोणतीही सही न तपासता वाचावा लागतो. त्यामुळे कोणी छोटा बनावट टॉवर उभारला तर त्याच्या आसपासच्या फोनवर खोटा इशारा दाखवणं तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, आणि संशोधकांनी ते प्रयोगशाळेत करून दाखवलंय. त्याची पोच लहान असते, हाच त्याचा सुगावा. खरा इशारा शेजारच्या मोहल्ल्यातही आलेला असतो, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरही. इशाऱ्यात लिंक असेल आणि ती पैसे किंवा ओटीपी मागत असेल तर तो इशारा नाही.

शेवटी एक गोष्ट, कारण हा प्रश्न मला खासगीत अनेकदा विचारला गेला आहे. काही बायका, क्वचित पुरुषही, घरातल्या मारहाणीमुळे एक फोन लपवून ठेवतात. इशाऱ्याच्या भोंग्याने तो उघडा पडू शकतो, सायलेंटवर असला तरी. अशा फोनवर वरच्या सगळ्या बटणांपैकी जी बंद होतात ती बंद करा. पण ४३७० उरतोच. म्हणून जाहीर केलेल्या चाचणीच्या दिवशी तो फोन पूर्ण बंद ठेवा. विमान मोडही चालतो, पण चुकून निघू शकतो. आणि ठरलेली वेळ उलटताच लगेच चालू करू नका. वर बघितलं तसं संदेश तासभर किंवा त्याहूनही जास्त फलकावर फिरत असतो, आणि तुमच्या फोनने तो अजून वाचलेला नसतो. बटण दाबून फोनने टॉवर पकडला की पुढच्या तीस सेकंदांत तो वाजेल. चाचणीची वेळ दुपारची असेल तर मी रात्रीपर्यंत बंद ठेवायला सांगतो, आणि पहिल्यांदा चालू करताना घरापासून लांब.